दुसऱ्याचा कमी रेट पुढे ठेवून कोटेशन कसं सुधारून घ्यायचं: हापूसच्या बॉक्सची खरेदी

देवगड, राजापूर, रत्नागिरी, वेंगुर्ले या पट्ट्यात जे बागायतदार हापूस थेट गिऱ्हाइकाला पाठवतात, त्यांची एक खरेदी दरवर्षी ठरलेली असते. ती म्हणजे छापील पुठ्ठ्याचे बॉक्स. चार-सहा बागायतदार एकत्र आले की ऑर्डर हजारांत जाते. मग नेहमीच्या पार्टीचं कोटेशन येतं, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाचा तरी चार-पाच रुपयांनी कमी रेट हातात पडतो. त्या कमी रेटचं करायचं काय, यावर हा लेख आहे.

बहुतेक जण करतात ते असं. फोन उचलतात आणि म्हणतात, "अहो, आम्हाला दुसरीकडे तेहतीसला मिळतोय, तुम्ही किती कमी करता?" समोरचा बॉक्सवाला या धंद्यात वीस वर्षं असतो. तेहतीस ऐकताक्षणी तो मनात कागदाची जाडी मोजतो आणि दोनपैकी एक करतो. एक तर "मग घ्या तिकडूनच" म्हणतो, नाहीतर "बरं, तुम्हालाही तेहतीसला देतो" म्हणतो. नुकसान दुसऱ्या उत्तरात जास्त आहे. मान्य केलेला तेहतीसचा रेट तो पातळ कागद वापरून भरून काढतो, आणि ते आपल्याला कळतं एप्रिलमध्ये, गाडीत खालचा थर दबल्यावर.

म्हणून कमी रेट पुढे करण्याआधी तो खरंच कमी आहे का, हे बघावं लागतं. या कामाचा निम्म्याहून जास्त भाग हाच आहे.

आधी दोन्ही कोटेशनं एका पातळीवर आणा

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत नेहमीची आहे. देवगडकडच्या एका गटाला दोन डझनी, पाच प्लायचे, दोन रंगांत छापलेले ८,००० बॉक्स हवे आहेत. आतलं माप ३४० × २९० × १९० मिलिमीटर. कोल्हापूरच्या नेहमीच्या पार्टीने ३८ रुपये सांगितले, भाडं वेगळं. दुसऱ्या एका नव्या पार्टीने ३३ रुपये सांगितले, तेही माल देवगडला पोच. दोन्हींवर जीएसटी वेगळा.

वरवर पाहता फरक पाच रुपयांचा, म्हणजे ऑर्डरवर ४०,००० रुपयांचा. पण दोन्ही कागदांवर फक्त "५ प्लाय" एवढंच लिहिलंय. पाच प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर: तीन सपाट आणि त्यांच्या मध्ये दोन नागमोडी, ज्यांना फ्लूट म्हणतात. हे थर किती जड कागदाचे आहेत, ते जीएसएमवरून कळतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कोटेशनमध्ये जीएसएम लिहिलेला नसेल तर ते कोटेशन अपुरं आहे, आणि अपुऱ्या कोटेशनवर घासाघीस सुरू करू नये.

दोघांकडून कोरे नमुने मागवा आणि वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. एक काळजी मात्र घ्या. कागद हवेतला दमटपणा ओढतो आणि आपल्याकडची हवा खारी, ओलसर. म्हणून एक नमुना कालच घाटावरून आलेला आणि दुसरा महिनाभर पडवीत पडलेला, अशी तुलना करू नका. दोन्ही नमुने एकाच खोलीत एक-दोन दिवस ठेवा आणि एकाच वेळी तोला.

समजा कोल्हापूरचा बॉक्स ५५० ग्रॅम भरला आणि नव्या पार्टीचा ४४० ग्रॅम. या मापाच्या बॉक्सला उघडून पसरल्यावर साधारण ०.६२ चौरस मीटर पुठ्ठा लागतो. १५० जीएसएमचे तीन सपाट थर म्हणजे ४५०. फ्लूटला वळणांमुळे सुमारे दीडपट कागद लागतो, म्हणून दोन फ्लूटचे आणखी ४३५ धरा. एकूण ८८५ ग्रॅम दर चौरस मीटरला, म्हणजे बॉक्स ५५० ग्रॅमचा. हाच हिशेब १२० जीएसएम धरून केला की ४४० येतात. म्हणजे नव्या पार्टीने पाचही थर १२०चे वापरलेत. ३३ रुपयांतून पोचवण्याचा दीड रुपया वजा केला तर त्याचा पुठ्ठा किलोला ७१-७२ रुपये पडतो. कोल्हापूरचा पडतो ६९. स्वस्त दिसणारा बॉक्स किलोमागे महाग निघाला.

वजनावरून शंका आली तर आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येते. बॉक्सचा एक तुकडा पाण्यात भिजवा, डिंक सुटला की पाचही थर हलक्या हाताने वेगळे करा आणि नीट वाळू द्या. फ्लूटचे थर हाताने ताणून सपाट करा. मग प्रत्येक थरातून बरोबर १० × १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. सोनाराकडच्या काट्यावर तो जितके ग्रॅम भरेल त्याला शंभराने गुणलं की जीएसएम मिळतो. १.५ ग्रॅम म्हणजे १५०. बऱ्याचदा वरचा थर १५०चा असतो आणि आतले शंभर-एकशेवीसचे. कोटेशनमध्ये तेवढा वरचाच आकडा सांगितलेला असतो.

वजनातून एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे बीएफ, कागदाची फाटण्याला तोंड देण्याची ताकद. १५० जीएसएमचा १८ बीएफ कागद दर चौरस सेंटिमीटरला २.७ किलो दाब सोसतो, तोच १४ बीएफ असेल तर २.१. दोन्हींचं वजन सारखंच. म्हणून बीएफ लेखी घ्या आणि तपासणीचा रिपोर्ट मागा. फाटदाब तपासायचं यंत्र बऱ्याच कारखान्यांत असतं. मागितल्यावर टाळाटाळ झाली तर त्या रेटचा आधार घेऊ नका.

नव्या पार्टीला तेच स्पेसिफिकेशन द्या

आता नव्या पार्टीला लिहा: आतलं माप हे, पाच प्लाय, पाचही थर १५० जीएसएम, १८ बीएफ, दोन रंगांची छपाई, ८,००० नग, देवगड तालुक्यात पोच, फेब्रुवारी अखेरपर्यंत. याला रेट द्या, आणि ब्लॉकचा खर्च, ॲडव्हान्स, कोटेशनची मुदत वेगवेगळी लिहा.

आपल्या उदाहरणात तो आता ३७ रुपये पोच सांगतो. ब्लॉकचे, म्हणजे छपाईच्या ठशांचे, ६,००० रुपये वेगळे. ते आठ हजार नगांवर पसरले की ७५ पैसे. म्हणजे त्याचा खरा रेट ३७.७५. पैसे पूर्ण आगाऊ.

कोल्हापूरवाल्याकडे आपला ब्लॉक आधीपासून आहे. त्याचा रेट ३८, पण भाडं आपलं. तो माल चार पिकअप फेऱ्यांत पाठवणार, फेरीला ४,००० रुपये, म्हणजे बॉक्सला २ रुपये. दारात पडतो ४० रुपयांना. ॲडव्हान्स निम्मा, बाकी माल निघताना.

खरा फरक निघाला सव्वादोन रुपयांचा, ऑर्डरवर १८,०००. चाळीस हजारांचे अठरा हजार झाले, पण हे अठरा हजार पक्के आहेत. बॉक्सवाल्याने कुठूनही टोकलं तरी हलणार नाहीत. बोलणी याच आकड्यावर करायची.

जीएसटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्याला बॉक्सवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो कर आपल्याच खिशातून जातो. म्हणून एका कोटेशनमध्ये "करासहित" आणि दुसऱ्यात "कर वेगळा" असेल तर तुलनेआधी दोन्ही एका रूपात आणा. तोच गट पल्प किंवा दुसरा करपात्र माल विकत असेल तर सीएला विचारूनच हिशेब मांडा.

स्वतःचा आकडा आधी ठरवा

फोन करण्यापूर्वी वहीत दोन आकडे लिहा. पहिला, आपण मागणार तो. दुसरा, ज्याच्यावर गेलं तर खरंच दुसरीकडे जाऊ, तो. मागायचा आकडा प्रतिस्पर्ध्याच्या खऱ्या रेटइतकाच ठेवावा, इथे ३७.७५ पोच, असं माझं ठाम मत आहे. त्याहून खाली मागितलं की आपण पुढे केलेल्या कोटेशनचा आधार सुटतो आणि बोलणं पुन्हा बाजारातल्या घासाघिशीवर येतं.

दुसरा आकडा ठरवताना जुन्या पार्टीची किंमत पैशांत करा. माल ओळखीचा, ब्लॉक तयार, ॲडव्हान्स निम्माच, मागच्या हंगामात तक्रार नाही. या सगळ्यासाठी बॉक्समागे ७५ पैसे जास्त द्यायला गट तयार असेल तर वरची मर्यादा झाली ३८.५०. गटातल्या सगळ्यांना हा आकडा आधी मान्य असू द्या. बोलणी सुरू असताना गटातल्या दुसऱ्याच कुणी बॉक्सवाल्याला फोन करून "चाळीसला पण चालेल" सांगितलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते. बोलणारा एकच असावा.

वेळेचंही तसंच. ही बोलणी डिसेंबर-जानेवारीत करा. फेब्रुवारी उजाडला की सगळ्या बागायतदारांच्या ऑर्डरी एकदम पडतात. मार्चमध्ये तर बॉक्सवाला रेट कमी करत नाही, तारीख देतो तेवढंच. तेव्हा दुसऱ्याचं कोटेशन दाखवून काही हाती लागत नाही, आणि दुखावलेला पुरवठादार आपला माल मागे टाकतो.

लेखी विनंती

आधी फोन करून "तुमच्या कोटेशनबद्दल एक निरोप पाठवतोय, बघून घ्या" एवढंच सांगा. मग व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लिहा. लेखी मजकुराचा फायदा असा की समोरच्याला तोंडावर उत्तर द्यावं लागत नाही. तो हिशेबनिसाशी, कागदवाल्याशी बोलून उत्तर देऊ शकतो. मजकूर साधारण असा असावा:

"नमस्कार साहेब. आपलं दोन डझनी बॉक्सचं कोटेशन मिळालं, आभार. मागच्या हंगामातला माल चांगला होता, यंदाही आपल्याकडूनच घ्यावा अशी गटाची इच्छा आहे. एक अडचण आहे. याच मापाला, पाच प्लाय, सर्व थर १५० जीएसएम, १८ बीएफ, दोन रंग, याच संख्येला आम्हाला दुसऱ्या उत्पादकाकडून ब्लॉकचा खर्च धरून ३७.७५ पोच असा लेखी रेट आला आहे. आपला रेट भाडं धरून ४० पडतो. आठ हजार नगांवर १८,००० रुपयांचा फरक गटाला पटवून देणं अवघड आहे. कागद आणि छपाई आहे तशीच ठेवून आपल्याला दारात ३७.७५ पर्यंत येता येईल का? जमत असेल तर सुधारित कोटेशन शुक्रवारपर्यंत पाठवावं. आमच्या बाजूने पूर्ण ऑर्डर एकदम पक्की करण्याची आणि निम्मा ॲडव्हान्स त्याच दिवशी देण्याची तयारी आहे."

यात चार गोष्टी मुद्दाम आहेत. पहिली, स्पेसिफिकेशन पूर्ण लिहिलंय, म्हणजे "तो पातळ कागद असेल" हे उत्तर आधीच बंद. दुसरी, "कागद आणि छपाई आहे तशीच ठेवून" हे शब्द. रेट उतरवण्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे माल उतरवणं, आणि ती या शब्दांनी अडते. तिसरी, नेमका आकडा आणि नेमकी तारीख. "काहीतरी कमी करा" म्हटलं की पंचवीस पैसे कमी होतात. चौथी, आपण काय देणार तेही लिहिलंय.

दुसऱ्या पार्टीचं नाव मात्र कुठेही नाही, आणि त्याच्या लेटरहेडचा फोटोही पाठवायचा नाही. बॉक्सवाले एकमेकांना ओळखतात, कागदही बहुधा त्याच व्यापाऱ्यांकडून घेतात. आज त्याचा कागद याला दाखवला तर उद्या याचा कागद तिसऱ्याला दाखवाल, हे त्याला लगेच कळतं, आणि पुढच्या वर्षी मनातला खरा रेट कुणीच लिहून देत नाही. फारच अविश्वास दाखवला तर नाव-पत्ता झाकून फक्त स्पेसिफिकेशन आणि रेटची ओळ दाखवा. नसलेलं कोटेशन आहे असं तर कधीच सांगू नका. "किती दिवसांत देतो म्हणाला? ब्लॉकचे किती घेतो?" असे दोन प्रश्न आले की खोटा रेट उघडा पडतो.

उधारी वाढवून मागायचा मोहही टाळा. बॉक्सवाले बहुतेक लघुउद्योग असतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा २००६चा कायदा आहे. त्यापेक्षा रोख लवकर देण्याची तयारी दाखवणं या धंद्यात जास्त कामाला येतं, कारण त्यालाही कागद रोखीनेच उचलावा लागतो.

उत्तर आल्यावर

पहिलं उत्तर बहुधा "कागदच महागलाय साहेब" असं येतं. ते खोटं नसतं, क्राफ्ट कागदाचे भाव खरंच वरखाली होतात. पण कागद दोघांनाही साधारण एकाच बाजारातून घ्यावा लागतो, त्यामुळे दोन रेटांमधला फरक त्याने सुटत नाही. यावर वाद न घालता विचारा, "मग आपण रेट फोडून बघूया का? कागद किती, मजुरी-छपाई किती, भाडं किती?" कुठे जागा आहे, ते या प्रश्नातून बाहेर येतं.

आपल्या उदाहरणात जागा भाड्यात निघते. घडी केलेले आठ हजार बॉक्स वजनाला साडेचार टनांच्या आत आहेत, पण जागा बत्तीसेक घनमीटर खातात. ते चार पिकअपऐवजी दोन आयशरमध्ये बसतात. फेरीला ६,००० धरले तर एकूण १२,०००, म्हणजे बॉक्सला २ ऐवजी दीड रुपया. त्यासाठी गटाला माल एकदम उतरवून घ्यावा लागेल, कोरड्या जागेत, जमिनीपासून वर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून. गोदाम असेल तरच हे कबूल करा. मांगरात ओल लागलेला १५० जीएसएमचा बॉक्स कोरड्या १२० जीएसएमपेक्षाही लवकर बसतो.

भाड्यातले पन्नास पैसे सुटले. उरलेल्या फरकासाठी बॉक्सवाला स्वतःच्या नफ्यातून ३८चे ३६.७५ करतो, पूर्ण ऑर्डर आणि ॲडव्हान्स एकदम मिळतोय म्हणून. दारात पडला ३८.२५. आपल्या मागणीपेक्षा पन्नास पैसे जास्त, पण वहीतल्या मर्यादेच्या आत. १४,००० वाचले. इथे थांबायचं. आणखी पन्नास पैशांसाठी, म्हणजे ४,००० रुपयांसाठी, हा रेट घेऊन नव्या पार्टीकडे जायचं आणि त्याचा नवा आकडा घेऊन परत यायचं, असं मी कुणालाच सुचवणार नाही. सुधारणा एकदाच मागावी. दोनदा फिरवलं की दोघांनाही कळतं, आणि दोघेही कागदातून कापायला लागतात.

एका दमात, एकही प्रश्न न विचारता पूर्ण ३७.७५ मान्य झाले तर मात्र सावध व्हा. सव्वादोन रुपये कुठून आले ते विचारा. समाधानकारक उत्तर नसेल तर ॲडव्हान्स देण्याआधी नव्याने बनवलेला नमुना मागा आणि पुन्हा तोला.

आणि उत्तर "परवडत नाही, घ्या तिकडून" असं आलं तर? रागावू नका. "ठीक आहे साहेब, गटाशी बोलून सांगतो" म्हणा आणि दोन दिवस थांबा. रेट ३८.५०च्या आत आला नाही तर नव्या पार्टीला आधी हजार बॉक्सची ऑर्डर द्या, माल तपासा, मग बाकीचे. जानेवारीत बोलणी केलेली असली की एवढा वेळ हाताशी असतो.

पक्कं करताना आणि माल उतरताना

फोनवर ठरलेला रेट म्हणजे रेट नव्हे. सुधारित कोटेशन नव्या तारखेचं घ्या आणि त्यावर आपली खरेदी ऑर्डर द्या. तिच्यात पाचही थरांचा जीएसएम, बीएफ, कोऱ्या बॉक्सचं वजन ५५० ग्रॅम आणि पाच टक्क्यांपर्यंतच फरक चालेल हे लिहा. त्याहून हलका माल परत जाईल किंवा वजनाच्या प्रमाणात पैसे कापले जातील, हेही लिहा. कागद वाढला तरी या ऑर्डरचा रेट बदलणार नाही, अशी एक ओळ मागून घ्या. ब्लॉक आपल्या मालकीचा आहे हेही त्यातच येऊ द्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचं झालं तर तो सोडवून नेता येतो.

गाडी आली की उतरवून होईपर्यंत थांबू नका. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून, विशेषतः आतल्या आणि खालच्या, दहा बॉक्स काढा आणि तोला. ५२० ग्रॅमच्या खाली एखाद-दुसरा भरला तर आणखी दहा काढा. त्यातही तेच दिसलं तर काट्यावरचा फोटो घ्या, ड्रायव्हरच्या चलनावर "वजन कमी, तपासणी बाकी" असं लिहून सही घ्या आणि उरलेले पैसे देण्याआधी फोन करा. त्यासाठी बाकीचे पैसे माल निघताना नव्हे, तर उतरून तपासल्यावर द्यायचे, ही अट सुधारित कोटेशनमध्येच घालून घ्या. एवढी लेखी तयारी करून आलेल्या गिऱ्हाइकाला जुना बॉक्सवाला ती सहसा नाकारत नाही.

राहिली ती नवी पार्टी. त्याने आपल्यासाठी दोनदा हिशेब केला, नमुना पाठवला. त्याला फोन करून "यंदा जुन्या ठिकाणीच दिली, पुढच्या नोव्हेंबरात तुमच्याकडून पुन्हा कोटेशन घेईन" असं स्पष्ट सांगा. किती रेटला दिली, हे त्याने विचारलं तरी सांगू नका.